मुद्दाम केलेली चूक वाचणाऱ्याला कशी कळते

प्रश्न: लेख मी स्वतः लिहिलाय. संपादकांनी तो डिटेक्टरमध्ये घातला तर ७४ टक्के एआय असा निकाल आला. मित्र म्हणतो, दहा-बारा ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका घाल, आकडा खाली येतो. घालू का? कुणाला कळतं का ते?

उत्तर: घालू नका. आणि हो, कळतं.

गेली २२ वर्षं मी मुद्रितशोधन करते आहे, त्यातली बरीच वर्षं संपादनही. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं रोजचं काम. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या टेबलावर अशी हस्तलिखितं येऊ लागली आहेत, ज्यांतल्या चुका हाताने पेरलेल्या असतात. पहिल्यांदा मला नुसतं खटकायचं, नेमकं काय ते सांगता यायचं नाही. आता सांगता येतं.

तुमच्यापुढचा पेच असा आहे की लेख तुमचा आहे आणि ते संपादकांना पटवायचं आहे. आकडा खाली आणणं आणि संपादकांना पटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पेरलेल्या चुकांनी पहिलं काम अर्धवट होतं आणि दुसरं बिघडतं.

आधी आकड्याचं बघू. डिटेक्टर वेगवेगळ्या पद्धतींनी चालतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच विचार आहे: पुढचा शब्द किती अपेक्षित होता? ‘बाहेर पाऊस पडत’ एवढं वाचल्यावर ‘होता’ येणार हे भाषेचं मॉडेल सहज ओळखतं. लेखभर असे अपेक्षित शब्दच येत गेले तर यंत्राला मजकूर यंत्राचा वाटतो. ‘होता’च्या जागी तुम्ही ‘होत’ किंवा ‘हतो’ लिहिलंत तर तेवढ्या जागी त्याला धक्का बसतो हे खरं. पण पुढच्या शब्दापासून वाक्य पुन्हा रुळावर येतं आणि निकाल तर सगळ्या मजकुराचा मिळून लागतो. ९०० शब्दांत १२ चुका घातल्यात तर ८८८ शब्द जसेच्या तसे राहिले. म्हणजे चुका शंभरात एक-दीड शब्दाला. शिवाय आजचे बरेचसे डिटेक्टर नुसती सरासरी काढत नाहीत. माणसांचे आणि यंत्राचे असंख्य नमुने दाखवून ते शिकवलेले असतात आणि वाक्यांची घडण, विचार एकापुढे एक ठेवण्याची लकब त्यांच्या नजरेत येते. ‘आणि’चं ‘आनि’ केल्याने ती घडण बदलत नाही.

२०२४ साली ‘रेड’ नावाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात १२ डिटेक्टरांना ११ प्रकारच्या युक्त्यांनी चकवून पाहिलं होतं आणि स्पेलिंग बिघडवणं ही त्यातली एक युक्ती होती. बहुतेक चांगल्या डिटेक्टरांचा निकाल त्या युक्तीने थोडासाच हलला. ही चाचणी प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावरची होती. मराठीसाठी हे डिटेक्टर मुळातच कच्चे आहेत, कारण त्यांना शिकवायला वापरलेला मजकूर बहुतांशी इंग्रजी असतो. त्यामुळे तुमचा आकडा चुकांनी खाली येईलही आणि वरही जाईल. भरपूर चुका घातल्या तर तो बहुधा खाली येतोच, पण तोवर लेख वाचण्याजोगा राहत नाही.

आता वाचणाऱ्या माणसाकडे येते, कारण लेख छापायचा की नाही हे शेवटी तोच ठरवतो.

खऱ्या चुकीला कारण असतं. कधी ते कारण बोटांत असतं, कधी कानात, कधी लहानपणी चुकीच्या पाठ झालेल्या रूपात, तर कधी घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत. मुद्रितशोधकाला चूक दिसते तेव्हा तिचं कारणही दिसतं, आणि एकाच माणसाच्या चुकांची कारणं एकमेकींना धरून असतात. ‘महत्त्व’ला एकच त लिहिणारा ‘तत्त्व’लाही एकच लिहितो आणि शेवटच्या पानापर्यंत तसंच लिहीत जातो. पेरलेल्या चुकांना असं एकही कारण लागू पडत नाही. प्रत्येक चूक स्वतंत्रपणे सुचलेली असते.

माझ्याकडे आलेलं एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून विषय आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. सिंचनाच्या एका जुन्या कामावरचा साधारण ११०० शब्दांचा लेख होता. लेखकाशी आधी दोनदा काम झालेलं, हात स्वच्छ. या वेळी लेखात शुद्धलेखनाच्या १४ चुका निघाल्या. मी नेहमीप्रमाणे त्या समासात नोंदवत गेले आणि निम्म्यावर थांबले, कारण चुका फार शिस्तीत आल्या होत्या. प्रत्येक परिच्छेदात एक, क्वचित दोन. शेवटच्या परिच्छेदातही एक. थकलेल्या माणसाच्या चुका एके ठिकाणी दाटतात. अवघड भागाशी झगडताना चार होतात आणि सरावाच्या भागात पानभर एकही होत नाही.

मग मी बघितलं, चुका कोणत्या शब्दांत आहेत. ‘आणि’चं ‘आनि’, ‘पाणी’चं ‘पाणि’, ‘मुलं’चं ‘मूलं’. सगळे सोपे, रोजचे शब्द. ज्या शब्दांत भलेभले अडखळतात ते मात्र निर्दोष होते. ‘महत्त्व’ला दोन त, ‘पुनरुज्जीवन’मध्ये रु ऱ्हस्व आणि जोडाक्षर बरोबर, ‘वैशिष्ट्यपूर्ण’मधला ट्य जागेवर. ‘पुनरुज्जीवन’ न बघता बरोबर लिहिणाऱ्याला ‘आणि’ येत नाही, हे पटत नाही. पेरणाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे. अवघड शब्दात चूक करायला त्याचं मन धजत नाही, लोक अडाणी समजतील अशी भीती वाटते. म्हणून तो बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दाला हात लावतो, आणि तिथेच वाचणाऱ्याचे डोळे सर्वात तयार असतात.

तिसरी गोष्ट कळफलकाची. हे लेखक इनस्क्रिप्ट वापरतात हे मला ठाऊक होतं. इनस्क्रिप्टमध्ये ‘ण’ इंग्रजी सी-च्या कळीवर शिफ्ट दाबून येतो. शिफ्ट निसटली तर त्याच कळीवरचा ‘म’ उमटतो. म्हणजे घाईत ‘आणि’चं ‘आमि’ होईल. ‘न’ शेजारच्या व्ही-च्या कळीवर आहे, म्हणजे ‘आनि’ व्हायला शिफ्टही निसटायला हवी आणि बोटही एक कळ सरकायला हवं. एकदा होऊ शकतं. तीनदा झालं होतं. इनस्क्रिप्टवाल्यांच्या खऱ्या चुका माझ्या ओळखीच्या आहेत: ‘भ’चा ‘ब’, ‘ध’चा ‘द’, ‘ख’चा ‘क’, ‘श’चा ‘स’, ‘ळ’चा ‘ल’, सगळ्या शिफ्ट निसटल्याच्या. या लेखात त्यातली एकही नव्हती. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांच्या चुका आणखी निराळ्या. तिथे यंत्र पर्याय सुचवतं आणि माणूस भलताच पर्याय निवडतो, त्यामुळे चुकीचा पण अस्सल शब्द येतो, ‘दीन’च्या जागी ‘दिन’सारखा. बोलून लिहिणाऱ्यांच्या लेखात शब्द चुकीच्या जागी तुटतात किंवा सारख्या आवाजाचा दुसराच शब्द येतो. म्हणजे चुका बघून साधारण सांगता येतं की माणूस कसा लिहितो. या लेखातल्या चुका हे लेखक ज्या पद्धतीने लिहितात तिच्याशी जुळत नव्हत्या.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वात बोलकी वाटते. माणसाने घडवलेल्या मजकुरात दुरुस्तीचे व्रण राहतात. मराठीत ते फार स्पष्ट दिसतात, कारण आपलं क्रियापद नामाच्या लिंगाबरोबर फिरतं. लेखक आधी लिहितो, ‘त्यांनी ही योजना तीन वर्षं राबवली.’ मग ‘योजना’ काढून ‘उपक्रम’ करतो आणि ‘राबवली’ तशीच राहते. कधी ‘ही’ राहते. कधी एक वाक्य दोनदा सुरू होतं, कधी हलवलेल्या परिच्छेदात ‘वर सांगितल्याप्रमाणे’ राहून जातं आणि वर काहीच सांगितलेलं नसतं. अशा चुका कुणी पेरत नाही, कारण त्या सुचायला लेख खरोखर दोनदा लिहावा लागतो. त्या लेखात असे व्रण होते. दोन होते. त्यामुळे मी थांबले आणि लेखकाला फोन केला.

लेख त्याचा स्वतःचाच होता. दुसऱ्या एका ठिकाणाहून डिटेक्टरच्या आकड्यावरून त्याला नकार आला होता, म्हणून आमच्याकडे पाठवण्याआधी त्याने चुका घातल्या. फाइलचा बदलांचा इतिहास त्यानेच उघडून दाखवला. तीन आठवड्यांत लेख हळूहळू वाढलेला, खोडलेला, हललेला दिसत होता. आणि पाठवण्याच्या दिवशी, सहा मिनिटांत, १४ शब्द बिघडवलेले. त्याच्या हातात स्वतःच्या मेहनतीचा उत्तम पुरावा होता आणि त्याच पुराव्याच्या शेवटी त्याने फसवण्याचा प्रयत्न नोंदवून ठेवला होता. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

नुकसान इथेच थांबलं नाही. लेखात कालव्याच्या कामाची दोन वर्षं दिली होती आणि एका ठिकाणी ती परस्परांशी जुळत नव्हती. एरवी मी लेखकाला विचारलं असतं, त्याने दुरुस्त केलं असतं, संपलं असतं. या वेळी आमच्या बैठकीत प्रश्न निघाला की ही चूक खरी की पेरलेली? लेखक म्हणाला, खरी. पण ज्याने १४ ठिकाणी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं, त्याने पंधरावं चुकून लिहिलं हे कशावरून मानायचं? आम्ही लेखातला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक अवतरण मुळातून तपासलं. लेख सहा आठवडे लांबला. त्याच्या पुढच्या लेखालाही तीच तपासणी लागली, आणि तो पहिल्यासारखा नुसत्या शब्दावर स्वीकारला जायला मध्ये बराच काळ गेला.

संपादक लेखकाची प्रत्येक गोष्ट तपासू शकत नाही. तो काही जागा तपासून बघतो आणि त्यावरून बाकीच्या मजकुरावर विसंबतो. शुद्धलेखन ही त्यातली सर्वात स्वस्त तपासणी. जो ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो तो आकडेही सांभाळत असावा, असा तो अंदाज असतो. अंदाज नेहमी बरोबर नसतो हे मलाही माहीत आहे. शुद्धलेखन कच्चं असलेले, पण माहितीला अत्यंत पक्के लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चुका दुरुस्त करताना मला कधीही संशय आला नाही, कारण त्या त्यांच्या होत्या. पेरलेल्या चुकीने तो अंदाजच उलटतो. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला बरोबर काय ते माहीत होतं आणि तरी त्याने मला चुकीचं दिलं.

डिटेक्टरचा चुकीचा निकाल ही यंत्राची चूक आहे. तिच्याविरुद्ध तुम्ही बोलू शकता, पुरावा देऊ शकता, आणि तुमच्या बाजूने बोलायला बरंच काही आहे. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर २०२३च्या जानेवारीत आणला तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं की तो यंत्राचा २६ टक्केच मजकूर ओळखतो आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारतो. त्याच वर्षी जुलैत, अचूकता कमी असल्याचं सांगून, तो बंद केला गेला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. सगळे माणसांनी लिहिलेले होते. कारण वर सांगितलं तेच: मर्यादित शब्दसंग्रह, साधी वाक्यं, म्हणून प्रत्येक शब्द अपेक्षित.

त्याच अभ्यासातली पुढची पायरी तुमच्या मित्राला जरूर सांगा. संशोधकांनी त्या निबंधांची शब्दयोजना अधिक समृद्ध करून ते पुन्हा तपासले तेव्हा चुकीच्या शिक्क्यांचं प्रमाण जवळजवळ १२ टक्क्यांवर आलं. हे शब्द बदलण्याचं काम त्यांनी यंत्राकडूनच करवून घेतलं होतं, म्हणून मी ते अनुकरणासाठी सांगत नाही. पण दिशा बघा. निबंध सुटले ते भाषा नेमकी आणि वेगळी झाल्यावर. भाषा गरीब होती तोवर ते अडकत होते. सराईत, गुळगुळीत वाक्यात एक अक्षर बिघडवलं तरी वाक्य गुळगुळीतच राहतं.

म्हणून संपादकांना आज एक सरळ मेल लिहा. लेख माझा आहे, बदलांचा इतिहास सोबत जोडतो, टिपणं आणि आधीचे खर्डे हवे असल्यास देतो, आणि लेखातल्या कोणत्याही भागावर प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलायला तयार आहे. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर तो इतिहास आपोआप साठलेला असतो, फक्त बघण्याची नव्हे तर संपादनाची परवानगी दिल्यावर समोरच्यालाही तो दिसतो. वर्डमध्ये फाइल नुसती संगणकावर असेल तर असा इतिहास बहुधा मिळत नाही, मग स्वतःला पाठवलेल्या मेल, छापून खुणा केलेली पानं, मुलाखतींच्या नोंदी, जे असेल ते द्या. मी स्वतः अशा वेळी लेखकाला तीन प्रश्न विचारते: या लेखातून काय काढून टाकलंत, ही माहिती कुठून मिळाली, आणि हा परिच्छेद इथेच का. ज्याने लिहिलं आहे तो पहिल्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो, काढून टाकलेल्या भागाचं दुःख ताजं असतं. न लिहिणाऱ्याला तिथे सांगण्यासारखं काही नसतं.

कुठे एआयची मदत घेतली असेल, आराखड्यासाठी, एखाद्या उताऱ्याच्या भाषांतरासाठी, तर तेही त्याच मेलमध्ये सांगा. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची परिस्थिती तशी असू शकते. मजकूरच यंत्राचा असेल तर चुका घालून तो माणसाचा होत नाही, एवढंच मी म्हणेन.

हे सगळं संपादकांवरही अवलंबून आहे. काही ठिकाणी नियमच आकड्याचा असतो, अमुक टक्क्यांच्या वर गेलं की परत. तिथे इतिहास कितीही स्पष्ट असला तरी उपयोग होत नाही. कोणतं साधन वापरलं, मर्यादा काय, मराठीसाठी ते कधी पडताळलं होतं का, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर लेख दुसरीकडे द्या. तो नकार तुमच्या नावाला चिकटत नाही. पेरलेल्या चुकांसकट लेख छापून आला तर त्या चुका मात्र तुमच्या नावाखाली राहतात, आणि वाचकाला त्यामागचा डिटेक्टर दिसत नाही.

आणि मित्राचं ऐकून तुम्ही आधीच काही चुका घातल्या असतील, तर आजच्या मेलमध्ये स्वच्छ प्रत जोडा आणि कोणते शब्द मुद्दाम बदलले होते त्यांची यादी द्या. यादी आठवणीने करू नका, त्यात एखादा शब्द हमखास सुटतो आणि नेमका तोच नंतर सापडतो. पेरणीच्या आधीची प्रत आणि नंतरची प्रत शेजारी ठेवा. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ खाली ‘कंपेअर’ आहे, गूगल डॉक्समध्ये ‘टूल्स’ खाली ‘कंपेअर डॉक्युमेंट्स’. दोन मिनिटांत प्रत्येक बदललेलं अक्षर रंगवून मिळतं. त्यात आकडे आणि विशेषनामं आधी बघा, कारण तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या नावाला लागली असेल तर ती सर्वात आधी निघायला हवी.